मोठा आरसा अंधूक गोष्टी कशा दाखवतो? सड्यावरच्या आकाशदर्शनात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर ते मार्च या महिन्यांत अमावास्येच्या मागच्या-पुढच्या रात्री आम्ही देवगडजवळच्या सड्यावर आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण मांडतो. कातळ सपाट असतो, दक्षिण आणि पश्चिम क्षितिजापर्यंत मोकळी असते आणि गावातले दिवे दहाच्या सुमाराला कमी होतात. रांगेत उभी असलेली माणसं जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं अंधारात, घाईत नीट देता येत नाहीत. म्हणून ती इथे सावकाश लिहिली आहेत.

ही दुर्बीण किती पट मोठं दाखवते?

पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. उत्तर असं की, आयपीस म्हणजे डोळा लावायचं भिंग बदललं की ‘पट’ बदलते. याच दुर्बिणीतून ३० पट दिसतं आणि आयपीस बदलून २०० पटही दिसतं. दुर्बिणीची कुवत ठरते ती तिच्या मुख्य आरशाच्या व्यासावरून. आठ इंची म्हणजे २०३ मिलिमीटर व्यासाचा आरसा, आणि तो आकडा आयुष्यभर तोच राहतो. खोक्यावर ‘५०० पट’ असं ठळक छापलेलं असेल आणि आरशाचा व्यास शोधूनही सापडत नसेल, तर ती दुर्बीण घेऊ नका.

आरसा प्रकाश ‘गोळा’ करतो म्हणजे नेमकं काय करतो?

खाडीत पाग टाकताना ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळतं. पाग हवेत गोल पसरतो, पाण्यावर पडतो, कडेचे शिशाचे मणी खाली जातात आणि दोरी ओढली की सगळा घेर एका जागी येतो. त्या घेराखाली जी मासळी होती ती आता ओंजळभर जागेत असते. पागाने मासळी निर्माण केलेली नसते. खाडीत विरळ पसरलेली होती ती त्याने एकत्र आणलेली असते.

ताऱ्याचा प्रकाशही असाच आपल्या अंगणात, सड्यावर, समुद्रावर सगळीकडे सारखा आणि विरळ पडत असतो. आरशाचा पृष्ठभाग पॅराबोला या वक्राच्या आकारात घासलेला असतो. त्यामुळे ताऱ्याकडून समांतर येणारा प्रत्येक किरण, आरशाच्या मधोमध पडो की कडेला, परावर्तित होऊन एकाच बिंदूकडे जातो. त्या बिंदूला नाभी म्हणतात. नळीच्या तोंडाशी ४५ अंशांत बसवलेला छोटा सपाट आरसा हा शंकू बाजूला वळवतो, आणि तिथे लावलेला आयपीस त्या सगळ्या किरणांची डोळ्याच्या बाहुलीत मावेल एवढी बारीक शलाका करतो.

दुप्पट व्यासाचा पाग टाकला तर मासळी दुप्पट नाही, चौपट मिळते, कारण झाकलेलं क्षेत्र चौपट असतं. आरशाचंही तसंच आहे. व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट, तिप्पट झाला की नऊपट.

डोळ्याच्या तुलनेत ही आठ इंची किती प्रकाश घेते? हिशेब करून दाखवाल का?

अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. (वय वाढलं की ती कमी उघडते. साठीच्या पुढे बऱ्याच जणांची ५ मिलिमीटरच्या आसपास थांबते.) २०३ ला ७ ने भागलं की २९ येतात, आणि २९ चा वर्ग ८४१. म्हणजे आरशाचं क्षेत्र बाहुलीच्या ८४१ पट आहे.

पण तेवढा सगळा प्रकाश डोळ्यापर्यंत येत नाही. छोटा आरसा मुख्य आरशासमोर येतो आणि आमच्या दुर्बिणीत सहा टक्के क्षेत्र झाकतो. दोन्ही आरशांवर ॲल्युमिनियमचा लेप आहे आणि तो प्रत्येक वेळी नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवतो. दोनदा परावर्तन म्हणजे ८१ टक्के उरला. सगळं धरून हाती सुमारे तीन चतुर्थांश लागतो. ८४१ चे मग ६४० राहतात.

आता हे ६४० प्रत्यक्षात काय करतात ते बघू. चांगल्या काळ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसणारा तारा सहाव्या प्रतीचा असतो. डोळ्याला सर्वांत नीट दिसणारा हिरवा-पिवळा पट्टा घेतला, तर अशा ताऱ्याकडून एका बाहुलीत सेकंदाला ढोबळमानाने हजारभर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, येतात. तेराव्या प्रतीचा तारा त्याच्या सुमारे ६३० पट मंद असतो. त्याच्याकडून नुसत्या डोळ्यात सेकंदाला दीड-दोन फोटॉन येतात. एवढ्यावर मेंदूला काहीच कळत नाही, कारण डोळा एका वेळी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढाच प्रकाश साठवून ठेवतो आणि मग पाटी कोरी करतो. दुर्बिणीला डोळा लावला की त्या दीड-दोनाचे ६४० पट होतात, म्हणजे पुन्हा हजारभर. तारा दिसतो! तो आधीही तिथेच होता आणि त्याचे फोटॉन सड्यावर पडतही होते, फक्त आपल्या बाहुलीच्या वाट्याला फार थोडे येत होते.

‘प्रत’ म्हणजे काय?

ताऱ्याच्या तेजाचं माप. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट, त्यामुळे एका प्रतीचा फरक अडीच पटींपेक्षा किंचित जास्त होतो. हे गणित नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये मांडलं, आणि पुढे ते मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख म्हणून आपल्याकडेच आले. आरशाचा व्यास दुप्पट केला की दीड प्रत पुढे जाता येतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं समजेल.

तारे चमकदार दिसतात, मग दीर्घिका एवढी धूसर का? मोठा आरसा असूनही?

हा सर्वांत चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर बऱ्याच पुस्तकांत अर्धंच दिलेलं असतं. म्हणून इथे जरा थांबतो.

सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची आहे. त्याच्यापासून साडेतीन अंशांवर एम ५१ ही दीर्घिका आहे, आपल्यापासून अडीच-तीन कोटी प्रकाशवर्षं दूर. आपल्या अक्षांशावर मार्चच्या उत्तररात्री ती उत्तरेला साठ अंशांच्या आसपास चढते. मागे एकदा रांगेत एक आजी होत्या. आयपीसला डोळा लावला आणि म्हणाल्या, “माका कायच दिसणा नाय रे.” मी म्हटलं, “आजये, सरळ बघू नको, जरा बाजूक बघ.” त्यांनी नजर कडेला नेली. थोडा वेळ शांतता. मग, “हां, धुराचो पुंजको दिसता. बाजूक आनि एक बारको आसा.” तो बारका पुंजका म्हणजे एम ५१ ची सोबतीण दीर्घिका. आजींना कोणी आधी सांगितलेलं नव्हतं.

तारा आणि दीर्घिका यांत फरक असा आहे. तारा इतका दूर असतो की कमी-मध्यम वर्धनाला तो दुर्बिणीतूनही टिंबच राहतो, त्यामुळे गोळा झालेला सगळा प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर एका टिंबात पडतो आणि तारा ६४० पट तेजस्वी होतो. दीर्घिकेचं तसं होत नाही. प्रकाश ६४० पट आला, पण वर्धनामुळे तिचं चित्रही पडद्यावर पसरलं. समजा आठ इंचीवर २९ पट वर्धन लावलं. चित्र लांबीत २९ पट आणि रुंदीत २९ पट, म्हणजे क्षेत्रात ८४१ पट पसरलं. ८४१ पट क्षेत्रात ६४० पट प्रकाश! म्हणजे चित्राच्या प्रत्येक तुकड्याचं तेज नुसत्या डोळ्याला दिसलं असतं त्यापेक्षा थोडं कमीच झालं. २९ पेक्षा कमी वर्धन लावूनही फायदा नाही, कारण मग आयपीसमधून निघणारी शलाका ७ मिलिमीटरपेक्षा जाड होते आणि बाहुलीच्या बाहेर सांडते.

म्हणजे कुठलाही आरसा, कितीही मोठा असो, दीर्घिकेचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्यापेक्षा उजळ करून दाखवू शकत नाही. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी आठवडाभर कागदावर पुन्हा पुन्हा मांडून बघत होतो.

मग मोठ्या आरशाने दीर्घिका दिसते कशी? आकाराने. अवसेच्या रात्री लांबच्या घराच्या दांडीवर पांढरी चादर वाळत असेल तर ती दिसत नाही. तीच चादर वीस पावलांवर असेल तर फिकट का होईना, दिसते. जवळची चादर जास्त उजळ नसते, ती डोळ्यात जास्त जागा व्यापते एवढंच. अंधारात डोळ्याच्या दंडपेशी एकेकट्या काम करत नाहीत. शेजारच्या कितीतरी पेशींचे संकेत एकत्र होऊन पुढे जातात, त्यामुळे फिकट पण मोठा डाग ओळखू येतो आणि तेवढाच फिकट छोटा डाग निसटतो.

आता सहा इंची आणि बारा इंची शेजारी ठेवा. सहा इंचीवर ७५ पट वर्धन लावलं तर शलाका २ मिलिमीटरची निघते (व्यास भागिले वर्धन). बारा इंचीवर तशीच २ मिलिमीटरची शलाका मिळायला १५० पट वर्धन लागतं. शलाका सारखी असल्यामुळे दोन्हींत दीर्घिकेच्या पृष्ठभागाचं तेज सारखं आणि आकाशाचा काळेपणाही सारखा. पण बारा इंचीतलं चित्र क्षेत्राने चौपट. सहा इंचीत जिथे दोन पुंजके होते, तिथे चांगल्या रात्री बारा इंचीत मोठ्या पुंजक्याभोवती वलय जाणवतं, आणि नजर सरावली की ते वलय एका बाजूला वळत गेलेलं दिसतं. ती दीर्घिकेची सर्पिल भुजा असते.

इतिहासातही हेच घडलं. चार्ल्स मेसिए यांनी १७७३ मध्ये छोट्या दुर्बिणीतून एम ५१ नोंदवली ती एक अंधूक ढग म्हणून. तिचा सर्पिल आकार पहिल्यांदा दिसला तो १८४५ मध्ये, आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांना, ७२ इंची आरशातून. तो आरसा तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा होता. आजच्या ॲल्युमिनियमच्या लेपापेक्षा तो बराच कमी प्रकाश परत पाठवायचा आणि लवकर काळाही पडायचा. तरीही केवळ रुंदीच्या जोरावर त्याने ते दाखवलं.

बाजूला बघितलं की का दिसतं?

डोळ्याच्या पडद्यावर मधोमध, म्हणजे आपण रोखून बघतो तिथे, दंडपेशी नसतातच. त्या कडेला दाट असतात. शिवाय त्यांना पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं अंधार लागतो, आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा बघितलं की बरीचशी तयारी वाया जाते. म्हणून सड्यावर आल्यावर मोबाइल खिशात ठेवायला सांगतो. त्याचा राग मानू नका.

वर्धन वाढवलं तर अंधूक तारे जास्त दिसतात का?

हो, एका मर्यादेपर्यंत. वर्धन वाढवलं की आकाशाची पार्श्वभूमी पसरून काळी होते, पण तारा टिंबच राहतो. त्यामुळे तो उठून दिसतो. आमच्या दुर्बिणीत ४० पटीला न दिसणारे तारे १५० पटीला दिसतात. त्यापुढे हवेतल्या अस्थिरतेमुळे टिंब फुगायला लागतं आणि फायदा संपतो.

चंद्र बघायला मोठा आरसा लागतो का?

प्रकाशासाठी नाही, चंद्राकडे तो भरपूर आहे. बारीक तपशिलासाठी मात्र मोठा आरसा उपयोगी पडतो, पण तो विषय वेगळा आहे.

फोटोत रंग दिसतात, आयपीसमधून करडं का?

अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाहीत. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना जास्त प्रकाश लागतो आणि दीर्घिकेचा प्रकाश तिथपर्यंत पोचत नाही. कॅमेरा डोळ्यासारखी पाटी कोरी करत नाही. तो मिनिटामिनिटाचा प्रकाश साठवतो आणि अनेक फोटो एकमेकांवर बेरजेत ठेवता येतात. आजकाल ५० मिलिमीटरच्या भिंगाच्या छोट्या स्वयंचलित दुर्बिणीही काही मिनिटांत एम ५१ च्या भुजा दाखवतात.

मग मोठा आरसा कशाला, असं लगेच विचारलं जातं. कारण वेळ आणि आरशाचं क्षेत्र एकमेकांच्या जागी वापरता येतात. दोनशे मिलिमीटरचा आरसा पन्नास मिलिमीटरच्या भिंगाच्या सोळापट क्षेत्राचा असतो, म्हणून त्याला एका मिनिटात जेवढे फोटॉन मिळतात तेवढे मिळवायला छोट्या दुर्बिणीला सोळा मिनिटं लागतात.

तीच दुर्बीण, तेच आकाश, तरी एखाद्या रात्री कमी का दिसतं?

आपल्या किनाऱ्यावर याचं पहिलं कारण दव. एका जानेवारीत रात्री साडेअकराला मला वाटलं की पातळ ढग आले, कारण एम ४२ तेजोमेघाची पिसं नाहीशी झाली होती. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर आकाश स्वच्छ. व्याध आयपीसमध्ये आणला तर त्याच्याभोवती धुक्यासारखी प्रभा. छोट्या आरशावर लाल टॉर्च टाकला आणि कळलं, त्यावर बारीक थेंबांचा पांढरट थर बसला होता. मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्यामुळे तो सहसा वाचतो. छोटा आरसा नळीच्या तोंडाशी असतो, उघड्या आकाशाला आपली उष्णता देत थंड होतो, आणि खारी दमट हवा त्याच्यावर पाणी धरते.

ओळखायची खूण हीच: तेजस्वी तारे दिसतात पण प्रभेसकट, आणि मंद तारे जातात. ढगात मात्र नुसत्या डोळ्यांनाही तारे कमी झालेले दिसतात. उपाय म्हणजे केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा लांबून सोडणे. कापडाने पुसायचं नाही. तो लेप मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढा जाड असतो, एका पुसण्यात त्यावर कायमचे ओरखडे येतात. पहिल्या वर्षी मी रुमाल फिरवला होता. तो ओरखडा अजून आहे.

दुसरं कारण समुद्रावरचे दिवे. पश्चिमेला एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या नौका असल्या की क्षितिजावर पांढरा पट्टा उभा राहतो. मोठा आरसा त्या उजेडालाही तेवढ्याच इमानाने गोळा करतो. दीर्घिका आणि उजळलेलं आकाश दोन्ही एकाच प्रमाणात येतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक व्यासाने वाढत नाही. अशा रात्री आम्ही पूर्वेकडच्या आणि डोक्यावरच्या गोष्टी दाखवतो, किंवा तारकागुच्छ, कारण टिंबांवर उजळ आकाशाचा परिणाम कमी होतो.

तिसरं कारण हळूहळू येतं: खारं वारं लेप खातं. हे रोज बघून कळत नाही. म्हणून दर हिवाळ्यात चंद्र नसलेल्या रात्री, कृत्तिका डोक्यावर असताना, त्यांच्यातला एक ठरलेला कोपरा मी एकाच आयपीसने बघतो आणि दिसलेले तारे वहीत टिंबांनी काढतो. दोन-तीन वर्षांच्या पानांवर शेवटची मंद टिंबं गळायला लागली की लेप नव्याने चढवायची वेळ झाली. नुसती धूळ दिसली म्हणून घाबरू नका. धुळीने एक टक्का क्षेत्र झाकलं तर साधारण एक टक्काच प्रकाश जातो, आणि वारंवार धुण्याने त्यापेक्षा जास्त नुकसान होतं.

वेधशाळांचे आरसे केवढे असतात?

जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या पुण्यातल्या खगोलसंस्थेची २ मीटरची दुर्बीण आहे. आमच्या आरशाच्या जवळपास शंभरपट क्षेत्र, म्हणजे त्याच परिस्थितीत पाच प्रती पुढे. नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरची आहे, ती गिरवलीच्या सव्वातीनपट प्रकाश घेते. एकसंध काचेचे आरसे आठ-साडेआठ मीटरच्या पुढे गेलेले नाहीत, कारण त्याहून मोठी काच ओतणं, वाहून नेणं आणि स्वतःच्या वजनाने वाकू न देणं फार कठीण होतं. म्हणून हवाईतल्या केक दुर्बिणीचा १० मीटरचा आरसा ३६ षटकोनी तुकड्यांचा आहे आणि चिलीमध्ये उभ्या राहत असलेल्या ३९ मीटरच्या दुर्बिणीत ७९८ तुकडे असतील.

घ्यायची असेल तर सहा इंची की बारा इंची?

बारा इंची जास्त दाखवते, वर बघितलंच. पण ती एकट्याने रिक्षात घालून सड्यावर नेता येत नाही, आणि घराच्या खळ्यात माड आकाश झाकत असतील तर तिथे ठेवून उपयोग नाही. गाडी आणि दोन माणसं नेहमी हाताशी असतील तर बारा घ्या. नसतील तर आठ. सहा आणि आठ यांत तुलना असेल तर आठ इंचीला पावणेदोनपट प्रकाश मिळतो आणि उचलायला फारसा फरक पडत नाही.

पावसाळ्यात आरसा कुठे ठेवायचा?

दुर्बिणीत ठेवू नका. मेअखेरीस एका कोरड्या दुपारी दोन्ही आरसे त्यांच्या चौकटीसकट काढा आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. आयपीस दुसऱ्या तशाच डब्यात, कारण भिंगांवर बुरशीचे धागे धरतात आणि ते काच कोरतात. रंग बदलणारं जेल घेतलंत तर ते ओलावलेलं कळतं. आमच्याकडे जुलैत एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा ते तव्यावर मंद आचेवर वाळवावं लागतं, आणि जेल गार झाल्याशिवाय डबा बंद करत नाही.